पाटीवरचा आकडा मॉडेलला कुठून कळला?

शाळेच्या स्मरणिकेसाठी, घराण्याच्या वंशावळीसाठी किंवा गावच्या इतिहासाच्या पुस्तकासाठी जुने फोटो मोठे करून घेणारी मंडळी हल्ली एक वाक्य हमखास बोलतात: ‘तपशील फोटोत होतेच, सॉफ्टवेअरने ते फक्त बाहेर काढले.’ मोठे करून देणारे स्टुडिओवालेही हेच सांगतात. ऐकायला पटतं, कारण पडद्यावर डावीकडे धूसर चेहरा असतो, उजवीकडे पापण्यांसकट रेखीव चेहरा असतो, आणि दोन्ही एकाच माणसाचे वाटतात. पण हे वाक्य चुकीचं आहे. त्याच्या भरवशावर लोक फोटोखाली नावं आणि सालं छापू लागले आहेत, म्हणून ते खोडून काढणं भाग आहे.

उदाहरण म्हणून माझ्याकडे कामासाठी आलेला एक फोटो घेतो. खेड्यातल्या शाळेतल्या सातवीच्या वर्गाचा हा निरोपाचा ग्रुप फोटो, १९५०च्या दशकातला. तीन रांगांत तीसेक मुलं, मधल्या रांगेत खुर्च्यांवर मुख्याध्यापक, शिक्षक आणि एक शिक्षिका, आणि पुढे जमिनीवर बसलेल्या मुलाच्या हातात खडूने इयत्ता आणि साल लिहिलेली पाटी. फोटो मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आला होता आणि फिरता फिरता आटला होता. फाइल उरली होती ६४० बाय ४५२ पिक्सेलची. त्यात प्रत्येक चेहरा साधारण २२ पिक्सेल रुंद आणि २८ पिक्सेल उंच, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला सहाशेच्या आसपास ठिपके. डोळा चार ठिपक्यांचा. पाटीवरचा आकडा सहा ठिपके उंच.

हा फोटो चौपट मोठा केला की फाइल २५६० बाय १८०८ पिक्सेलची होते. रुंदी चौपट आणि उंचीही चौपट, म्हणजे एकूण पिक्सेल सोळापट. मूळ फाइलमध्ये सुमारे २ लाख ८९ हजार पिक्सेल होते, नव्या फाइलमध्ये ४६ लाख २८ हजार आहेत. मोजलेली माहिती मात्र पहिल्या आकड्याएवढीच आहे, तीही कॉम्प्रेशनमध्ये खराब झालेली. म्हणजे नव्या फाइलमधल्या सोळातल्या पंधरा पिक्सेलांमागे कॅमेऱ्याने टिपलेलं काहीही स्वतंत्र नाही. ते कुठून आले, हा या वादातला खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर मॉडेल शिकवण्याच्या पद्धतीत आहे. २०१४ साली आलेल्या एसआरसीएनएनपासून आजपर्यंत मूळ कल्पना बदललेली नाही. चांगले, मोठे फोटो घ्यायचे, ते मुद्दाम खराब करायचे, आणि खराब तुकड्यावरून चांगला तुकडा ओळखायला मॉडेलला शिकवायचं. २०२१ साली आलेलं रिअल-ईएसआरगॅन आज स्टुडिओंपासून घरच्या संगणकांपर्यंत बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. त्याच्या कर्त्यांनी ही खराब करण्याची पायरी बरीच वास्तवाजवळ नेली: फोटो धूसर करायचा, लहान करायचा, त्यात खरखर घालायची, जेपेग म्हणून दाबायचा, आणि हे सगळं पुन्हा एकदा करायचं. त्यामुळे मोबाइलवर फिरून आलेल्या फोटोवरही ते चांगलं चालतं. पण लाखो तुकडे पाहून मॉडेल शिकतं ते इतकंच, की अशा दिसणाऱ्या धूसर तुकड्याच्या जागी सहसा काय असतं. झाडाची पानं, कौलं, दगडी भिंत, खादीच्या सदऱ्याची वीण यांच्या बाबतीत ‘सहसा’ पुरतं. भिंतीतला एखादा दगड इकडचा तिकडे झाला तरी कुणाची फसवणूक होत नाही. विशिष्ट माणसाच्या चेहऱ्याला आणि विशिष्ट सालाच्या आकड्याला मात्र ‘सहसा’ लागू होत नाही. तिथे आपल्याला हवं असतं ते नेमकं त्या दिवशीचं, त्या माणसाचं.

‘पण उत्तर रेखीव येतं, म्हणजे मॉडेलला खात्री असणार,’ असं पुढे म्हटलं जातं. हा गैरसमज सर्वांत खोल रुजलेला आहे. एकाच लहान धूसर तुकड्यापर्यंत पोचणारे मोठे, स्पष्ट तुकडे असंख्य असतात. त्या सगळ्यांची सरासरी काढली तर धूसर चित्र मिळतं, आणि चूक कमीत कमी ठेवायची असेल तर तेच उत्तम उत्तर असतं. रेखीव चित्र हवं असेल तर त्या असंख्य शक्यतांतली एक निवडावी लागते, आणि ती खरी असण्याची हमी नसते. योचाई ब्लाऊ आणि तोमेर मिखाएली यांनी २०१८ साली हा ताण गणिताने दाखवून दिला: एका मर्यादेपलीकडे चित्र खऱ्यासारखं दिसायला लावायचं, तर ते मूळ चित्रापासून दूर जाऊ द्यावं लागतं. म्हणजे रेखीवपणा मॉडेलची खात्री दाखवत नाही. त्याला निवड करायला लावलं होतं, एवढंच त्यातून कळतं.

याचा जाहीर पुरावा जून २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिला. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची पद्धत मांडली होती. १६ बाय १६ ठिपक्यांच्या चेहऱ्यावरून ती १०२४ बाय १०२४ चा चेहरा बनवत असे. कुणीतरी तिला बराक ओबामांचा ठिपक्याठिपक्यांचा फोटो दिला आणि बाहेर आला एक गोरा माणूस. त्यानंतर मॉडेलमधल्या वांशिक पक्षपाताची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. आपल्या विषयासाठी मात्र दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पल्स मोठं चित्र शोधतं ते याच कसोटीवर, की ते पुन्हा लहान केलं तर दिलेल्या ठिपक्यांशी जुळलं पाहिजे. तो गोरा माणूस लहान केला असता तर जवळपास ओबामांचेच ठिपके आले असते. चित्र मूळ फाइलशी इमानदार होतं आणि माणूस दुसराच होता.

जुन्या फोटोंच्या बाबतीत धोका दुप्पट होतो, कारण बहुतेक ठिकाणी चेहऱ्यांसाठी दुसरं मॉडेल वेगळं चालवलं जातं. रिअल-ईएसआरगॅनच्या आज्ञेत `--face_enhance` लिहिलं की जीएफपीगॅन नावाचं मॉडेल प्रत्येक चेहरा शोधतं, तो कापून ५१२ बाय ५१२ चा करतं, त्यावर नवा चेहरा रचतं आणि परत जागेवर बसवतं. आपल्या फोटोतल्या सहाशे ठिपक्यांच्या चेहऱ्याच्या जागी मधल्या पायरीत अडीच लाखांहून अधिक पिक्सेलांचं चित्र तयार होतं. हे मॉडेल शिकलं आहे एफएफएचक्यू नावाच्या ७० हजार चेहऱ्यांच्या संग्रहावर. हे चेहरे फ्लिकर या संकेतस्थळावरून घेतलेले आहेत, म्हणजे बहुतांश डिजिटल कॅमेऱ्याच्या काळातले, उजळ प्रकाशातले, रंगीत. त्यात देवीचे व्रण असलेले चेहरे कितीसे असणार? आपल्याकडे देवीचा रोग १९७०च्या दशकात संपला. १९५०च्या दशकातल्या ग्रुप फोटोंत मात्र ते व्रण असलेले चेहरे सहज असायचे. ग्रामीण भागात त्या खुणेवरून माणूस ओळखला जायचा. मॉडेलच्या दृष्टीने ते व्रण म्हणजे फिल्मची खरखर, आणि खरखर पुसायचं तर ते शिकलेलंच आहे. म्हणून ते गाल गुळगुळीत करतं. शिक्षिकेच्या कपाळावरचं कुंकू या फोटोत तीनचार काळपट ठिपक्यांचं होतं. चेहऱ्याचं मॉडेल चालवल्यावर ते अर्धवट फिकं होऊन भुवईच्या सावलीत मिसळलं. त्या काळात बाईच्या कपाळावर कुंकू असणं किंवा नसणं याचा अर्थ काय होता, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. हा बदल केवळ दिसण्यापुरता राहत नाही. फोटोतल्या बाईबद्दल एक खोटी गोष्ट सांगून तो मोकळा होतो.

यावर उत्तर मिळतं ते असं: ‘घरच्यांनी तर बघताक्षणी ओळखलं, मग चूक कशी?’ घरच्यांनी ओळखलं, कारण त्यांना कोण कुठे बसलं आहे हे आधीच माहीत होतं. डोक्याचा आकार, बसण्याची ढब, टोपी, शेजारी कोण, हे सगळं मूळ धूसर फोटोतही होतं आणि ओळख त्यावरून झाली. नंतर मॉडेलने घातलेले डोळे आणि ओठ त्या ओळखीवर फुकट बसले. पुढच्या पिढीला ही जुनी ओळख नसेल. ते त्या डोळ्यांवरून म्हणतील, ‘पणजोबांचे डोळे आपल्या अमक्यासारखे आहेत.’ ओळख ही मोठ्या फोटोची तपासणी म्हणून धरता येत नाही. तपासणी मूळ फाइलशी ताडून करावी लागते, आणि ती करता येते.

पहिली तपासणी सर्वांत सोपी. मोठा केलेला फोटो पुन्हा मूळ आकाराला आणायचा आणि मूळ फाइलमधून वजा करायचा. पायथनमध्ये हे काही ओळींत होतं:

```python
from PIL import Image, ImageChops
a = Image.open("mul.png").convert("L")
b = Image.open("mothe.png").convert("L")
b = b.resize(a.size, Image.BOX)
d = ImageChops.difference(a, b)
d.point(lambda v: min(255, v * 8)).save("farak.png")
```

शेवटच्या ओळीत फरक आठपट उजळ केला आहे, नाहीतर तो डोळ्यांना दिसत नाही. `farak.png` उघडली की काळ्या पार्श्वभूमीवर फरकाच्या जागा उजळ दिसतात. सगळीकडे सारखी बारीक भुरभुर दिसली तर काळजीचं कारण नाही. मॉडेलने फिल्मची खरखर आणि जेपेगचे डाग पुसले, त्याची ती खूण आहे. सदऱ्यांच्या आणि खुर्च्यांच्या कडेने फिकट रेषा दिसल्या तरी चालतील, कारण कडा टोकदार केल्या की एवढा फरक पडतो. फरकाच्या चित्रात आकार ओळखू येऊ लागला की थांबायचं. आमच्या फोटोत चेहऱ्याचं मॉडेल चालवलेली प्रत वजा केली, तर त्या काळ्या चित्रात कितीतरी डोळ्यांच्या जोड्या आणि ओठांच्या रेषा स्पष्ट दिसल्या. म्हणजे त्या जागी मॉडेलने मूळ ठिपकेसुद्धा बदलले होते. चेहऱ्याचं मॉडेल बंद करून केलेल्या प्रतीत त्यातले बहुतेक नाहीसे झाले. तपशील ‘बाहेर काढले’ असते, तर मूळ ठिपके बदलण्याची गरजच पडली नसती. या एका चित्राने तो दावा निकालात निघतो.

मात्र ही तपासणी एकाच दिशेने बोलते. असा आकार दिसला तर चूक नक्की आहे. आकार दिसला नाही म्हणून चित्र खरं ठरत नाही, हे पल्सच्या गोऱ्या माणसाने दाखवलंच आहे. मूळ ठिपक्यांना धक्का न लावता त्यांच्या आत काहीही भरता येतं. म्हणून दुसरी तपासणी लागते. रिअल-ईएसआरगॅनच्या कर्त्यांनी त्याच्याबरोबर त्याचं एक संयमी भावंडही दिलेलं आहे, `RealESRNet_x4plus` या नावाचं. रचना तीच, शिकवणी पुष्कळशी तीच, फक्त ‘खऱ्यासारखं दिसलं पाहिजे’ हा दबाव त्याच्यावर टाकलेला नाही. त्यामुळे ते सरासरीकडे झुकतं आणि चित्र मऊ येतं. लोक ते वापरत नाहीत, कारण छान दिसत नाही. तपासणीला मात्र ते फार उपयोगी आहे:

```
python inference_realesrgan.py -n RealESRGAN_x4plus -i mul.png -o tokdar
python inference_realesrgan.py -n RealESRNet_x4plus -i mul.png -o mau
```

दोन्ही प्रती शेजारीशेजारी उघडून एकाच जागी पुरेशा मोठ्या करून पाहायच्या. मऊ प्रतीत ज्याचा मागमूस नाही आणि टोकदार प्रतीत जे ठसठशीत आहे, ते दबावाखाली निवडलेलं आहे असं धरायचं. आमच्या फोटोत हा फरक सर्वांत बोलका दिसला तो पाटीवर. टोकदार प्रतीत सालाचा शेवटचा आकडा स्वच्छ ९ वाचता येत होता. मऊ प्रतीत तिथे वर एक गाठ आणि खाली उतरणारी शेपटी एवढंच होतं, आणि देवनागरी १ आणि ९ या दोघांचंही लहान, धूसर रूप असंच असतं. सहा ठिपक्यांत गाठीचं तोंड कुठे वळतं हे मावतच नाही. इयत्तेची अक्षरं तर टोकदार प्रतीत विचित्र झाली होती. शिरोरेषा मध्येच तुटलेली, वेलांटी काना होऊन उभी राहिलेली, आणि एक जोडाक्षर असं की कुठल्याच लिपीत सापडणार नाही. अक्षर आधी वाचून मग लिहावं, असं हे मॉडेल करत नाही. त्याच्या लेखी अक्षर म्हणजे काळ्यावर पांढऱ्या वळणदार रेषा, आणि तशा रेषा ते सफाईने काढतं. इयत्तेची अक्षरं बिघडलेली दिसतात, म्हणून आपण सावध होतो. आकडा सुबक आला, म्हणून आपण फसतो. स्मरणिकेच्या मजकुरात तोवर १९५९ हे साल टाइपही होऊन बसलं होतं.

सालाचा हा वाद नुसत्या तर्काने संपला नसता, पण शाळेच्या कार्यालयात भिंतीवरच्या चौकटीत त्या फोटोची मूळ छापील प्रत सापडली. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, १२ इंच रुंद. ती ६०० डीपीआयवर स्कॅन केली. हिशेब करून पाहा: मोबाइलवरच्या फाइलमध्ये १२ इंचांसाठी ६४० पिक्सेल होते, म्हणजे एका इंचाला जेमतेम ५३. स्कॅनमध्ये एका इंचाला ६००. जो चेहरा २२ पिक्सेल रुंद होता तो अडीचशेच्या घरात गेला. तपशील होते, हे खरंच. ते कागदावर होते, त्या लहान फाइलमध्ये नव्हते. फाइलमध्ये नसलेली गोष्ट कुठल्याही मॉडेलला बाहेर काढता येत नाही. स्कॅनमध्ये पाटीवरचा आकडा १ होता, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या नावांनीही १९५१ला दुजोरा दिला.

स्कॅन हाती आल्यामुळे आणखी एक गोष्ट करता आली, आणि माझ्या मते सर्वांत भरवशाची तपासणी तीच आहे. खरं उत्तर हाती असलेलाच फोटो मॉडेलला द्यायचा. स्कॅन ६४० पिक्सेल रुंदीपर्यंत लहान केला, फिरत आलेल्या फाइलइतक्याच जोरात जेपेग म्हणून दाबला, मग त्याच मॉडेलने चौपट मोठा केला आणि तेवढ्याच आकाराला आणलेल्या स्कॅनशेजारी ठेवला. सदऱ्यांच्या घड्या, खुर्चीचे हात, मागच्या भिंतीचे चिरे, टोप्यांच्या कडा हे जवळपास जुळलं. मुख्याध्यापकांची मिशी स्कॅनमध्ये ओठांच्या कोपऱ्यांवर खाली वळलेली होती, मॉडेलने ती सरळ कापलेली दाखवली. चष्म्याची एका बाजूची गोल तार त्याला कळली, दुसरी त्याने गालाच्या सावलीत विरघळवली. मागच्या रांगेतल्या एका मुलाच्या गालावरचे देवीचे व्रण चेहऱ्याचं मॉडेल बंद असतानाही नाहीसे झाले. मऊ प्रत आणि टोकदार प्रत या दोन्हींत ते नव्हते. म्हणजे दुसऱ्या तपासणीत हा दोष सापडलाच नसता, कारण दोन्ही भावंडं तिथे एकाच चुकीवर एकमत झाली होती. दोन मॉडेलांचं जुळलं तर उत्तर खरं, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मूळ छापील प्रत मिळाली नाही तर ही तपासणी त्याच काळातल्या दुसऱ्या फोटोवर करता येते. त्याच स्टुडिओचा शिक्का असलेला, त्याच अल्बममधला एखादा मोठा, चांगला फोटो घ्यायचा, तो आपल्या फाइलमधल्या चेहऱ्यांइतका लहान करायचा आणि मोठा करून मुळाशी ताडायचा. चेहऱ्याची रुंदी मोजून लहान करायचं, हे महत्त्वाचं. फोटोची रुंदी सारखी ठेवली आणि चेहरा दुप्पट मोठा राहिला, तर मॉडेलची परीक्षा फारच सोपी होते. शिवाय अशी परीक्षा नेहमी मॉडेलच्या बाजूने थोडी झुकलेली असते. आपण नुकताच लहान केलेला फोटो स्वच्छ असतो. खऱ्या जुन्या फाइलवर पिवळेपणा, बुरशीचे ठिपके, कागदाची सुरकुती आणि चारदा झालेलं जेपेग असतं. स्वच्छ फोटोवर मॉडेलने मिशी बदलली, तर खराब फोटोवर ते तिला हात लावणार नाही, असं मानायला काही आधार नाही.

आता विरोधी बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा. तो असा, की मोबाइलचा कॅमेराही तपशील बनवतोच. सेन्सरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे आपण ज्याला ‘खरा’ फोटो म्हणतो त्यातले दोन तृतीयांश रंगांचे आकडे अंदाजच असतात. मुद्दा खरा आहे आणि झटकून टाकण्यासारखा नाही. पण तिथे प्रत्येक अंदाजाच्या अगदी शेजारी, एका ठिपक्याच्या अंतरावर, मोजलेला आकडा असतो, आणि प्रत्येक ठिकाणी उजेड-अंधाराबद्दल काहीतरी मोजलेलं असतंच. अंदाज चुकला तर कडेला रंगाची किनार दिसते, डोळ्याच्या जागी दुसऱ्याचा डोळा येत नाही. चौपट मोठं करताना मोजलेल्या एका ठिपक्यामागे पंधरा कल्पिलेले असतात, आणि त्यांचा स्रोत या दृश्याबाहेरचे दुसरेच फोटो असतात. दोन्हीला अंदाज म्हणता येईल, पण या अंदाजाची धाव त्याहून फार लांबची आहे.

दुसरा मुद्दा रिटचिंगचा. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिलने सुरकुत्या पुसत, डोळ्यांत चमक घालत, प्रिंटवर रंग भरत, मग आताच आक्षेप का? कारण रिटचिंग करणाऱ्याने माणूस समोर पाहिलेला असायचा, आणि गिऱ्हाईक स्वतः येऊन फोटो घेऊन जाताना ते पाहून घ्यायचं. देवीचे व्रण कमी करा, असं सांगणारा माणूस त्या चेहऱ्याचा मालक असायचा. इथे चेहऱ्याचा मालक हयात नाही, मॉडेलने त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि पुसलं ते कुणाच्या सांगण्यावरून, याला उत्तर नाही. रिटचिंगची पेन्सिल निगेटिव्ह तिरपं धरलं की दिसते. मॉडेलचं काम मूळ फाइल शेजारी नसेल तर दिसतच नाही, आणि बऱ्याचदा मोठी फाइल मिळाली म्हणून लहान फाइल पुसून टाकली जाते.

यावरून ही मॉडेलं वापरूच नयेत, असं मी म्हणत नाही. मी वापरतो. छपाईसाठी किती हवं ते आधी मोजावं, एवढं माझं म्हणणं आहे. ६४० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयवर सुमारे साडेपाच सेंटिमीटर रुंद छापली जाते. दुप्पट केली तर जवळपास अकरा सेंटिमीटर, म्हणजे स्मरणिकेच्या पानाला बहुधा पुरेल एवढी. मग चौपट कशाला? दुप्पट करताना सोळातले पंधरा नव्हे, तर चारातले तीन ठिपके कल्पिलेले असतात. त्यासाठी दुपटीसाठीच शिकवलेलं `RealESRGAN_x2plus` घ्यावं. चौपटीचं मॉडेल चालवून `-s 2` लिहिलं तर आधी चौपटीची सगळी कल्पना होते आणि मग ती लहान करून दिली जाते. कल्पना तिथे राहतेच, फक्त ती पकडणं अवघड होतं. चेहऱ्याचं मॉडेल बंद ठेवावं. अक्षरं, आकडे, दागिने, कपाळ आणि बिल्ले असलेल्या जागी मूळ फोटोचा साधा बायक्युबिक पद्धतीने मोठा केलेला तुकडा परत ठेवावा. तो धूसर दिसेल, आणि तिथली माहिती धूसरच आहे. वर्तमानपत्राच्या कात्रणावरचा फोटो असेल तर यातलं काहीही करण्याआधी छपाईचे ठिपके काढून टाकावे लागतात, नाहीतर मॉडेल त्या ठिपक्यांना कातडीचा पोत समजून चेहऱ्यावर किड्यांसारख्या वळवळीत रेषा काढतं. मुळात ज्याच्याकडे छापील प्रत असण्याची शक्यता आहे त्याचं दार आधी ठोठवावं. ६०० डीपीआयवरच्या एका स्कॅनने जे मिळतं ते कुठल्याही मॉडेलने मिळत नाही.

स्टुडिओंकडून माझी मागणी साधी आहे. मोठा केलेला फोटो देताना त्याच्यासोबत न बदललेली मूळ फाइल द्यावी, कुठलं मॉडेल किती पट चालवलं आणि चेहऱ्याचं मॉडेल चालू होतं की बंद हे फाइलच्या नावातच लिहावं, आणि फरकाचं चित्र जोडावं. वर दिलेल्या ओळी चालवायला सेकंदही लागत नाही, तेव्हा वेळ नाही ही सबब चालणार नाही. आणि स्मरणिका काढणाऱ्यांनी पैसे देण्याआधी या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. फोटोखाली ‘संगणकाने मोठा केलेला, चेहऱ्यांचे तपशील अंदाजाने’ एवढी ओळ छापावी, आणि नाव किंवा साल फोटोवरून वाचलेलं असेल तर ते कुठल्या फाइलवरून वाचलं तेही लिहावं.